समुपदेशन कक्षाच्या दारापाशी थबकणारी पावले

रविवारी सायंकाळी वसतिगृहातून नातीचा फोन येतो. ‘जेवलीस का?’ ‘हो.’ ‘अभ्यास कसा चालला आहे?’ ‘ठीक.’ ‘काही हवे का?’ ‘नको, आजी.’ दोन मिनिटांत बोलणे संपते. आवाज थोडा ओढलेला वाटतो. पण परीक्षा जवळ आली असेल, असे म्हणून आपण फोन खाली ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग घडत असेल. नातवंडे लातूर, परभणी, चिपळूण अशा गावांतून पुण्या-मुंबईला शिकायला जातात आणि त्यांच्या दिवसभराची खबर आपल्याला केवळ आवाजाच्या चढउतारावरून घ्यावी लागते.

आता बहुतेक महाविद्यालयांत समुपदेशक असतो, असे आपण ऐकतो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. ही सूचना मोलाची आहे. परंतु खोली असणे ही एक गोष्ट आणि त्या खोलीत मुलाने पाऊल टाकणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर किती असते आणि ते कसे कमी करता येईल, हे या लेखात आपण पाहणार आहोत. शेवटी आपल्या हाती काय आहे, याचाही विचार करू.

एका मुलीची वाट

समजा, लातूरकडची एक मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ही कोणी एक मुलगी नव्हे. अशा अनेक मुलींच्या अनुभवांतून तिचे चित्र उभे केले आहे. पहिल्या वर्षी गणितात तिची ‘केटी’ लागली, म्हणजे तो विषय राहिला. बारावीला वर्गात पहिली येणाऱ्या मुलीला हा पहिलाच धक्का. घरी तिने सांगितले नाही, कारण वडिलांनी शिक्षणासाठी कर्ज काढले आहे. रात्री तीनपर्यंत झोप लागत नाही, सकाळचे प्रात्यक्षिक चुकते, उपस्थिती घटते आणि एक दिवस सूचनाफलकावरच्या ‘डिफॉल्टर’ यादीत तिचे नाव झळकते. डोके दुखते, पित्त होते, मेसमधील जेवण जात नाही. ती औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणते आणि दिवस ढकलते.

समुपदेशन कक्ष आहे, हे तिला ठाऊक आहे. प्रवेशाच्या दिवशी तशी घोषणा झाली होती. तरीही तिच्या मनात पहिला विचार येतो तो असा : ‘मला एवढे काय झाले आहे? ज्यांना खरेच काही झाले आहे, त्यांच्यासाठी ती खोली.’ ताण हळूहळू वाढतो, म्हणून मदत मागण्याची वेळ नेमकी कोणती, हे मुलांना उमगत नाही. शिवाय ताण बोलतो तो शरीराच्या भाषेत, आणि पित्तासाठी कोणी समुपदेशकाकडे जात नाही.

एका मंगळवारी मात्र ती निघते. कक्ष आहे मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर, प्राचार्यांचे दालन आणि परीक्षा विभाग यांच्या मधोमध. वेळ मंगळवारी आणि गुरुवारी अकरा ते एक. नेमकी तिच्या प्रात्यक्षिकाची. बाहेरच्या टेबलावर एक अर्ज : नाव, हजेरी क्रमांक, भेटीचे कारण आणि खाली वर्गशिक्षकांची सही. ‘भेटीचे कारण’ या रकान्यापाशी तिचे पेन थांबते. तेवढ्यात परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या रांगेतून तिच्याच वर्गातील दोघे जण हाक मारतात, ‘इथे काय करतेस?’ ती अर्ज घडी करून पिशवीत ठेवते आणि म्हणते, ‘काही नाही, फी भरायची होती.’

वाचकहो, हे थबकणे म्हणजे त्या मुलीचा दुबळेपणा नव्हे. तिने आपल्या परीने हिशेब केला. आत गेल्यावर कदाचित बरे वाटेल, हा लाभ अनिश्चित होता. दोघांनी पाहिले, उद्या वर्गात चर्चा होईल, हा तोटा डोळ्यांसमोर होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपणच तर मुलांना शिकवत आलो आहोत.

तीन शंका

तरुण मुले मानसिक मदत का टाळतात, यावर जगभर संशोधन झाले आहे. लोक काय म्हणतील ही भीती, आपल्याला काय होते आहे याची पुरेशी ओळख नसणे आणि ‘माझे मी निस्तरेन’ ही वृत्ती, ही कारणे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. आपल्याकडील महाविद्यालयात ती तीन शंकांचे रूप घेतात.

पहिली शंका : कोणाला कळेल? मुलींच्या बाबतीत ही शंका अधिक तीव्र असते, कारण ‘तिच्यावर उपचार चालले होते’ हे एक वाक्य पुढे लग्नाच्या बोलणीत अडसर ठरेल, हे त्यांनी घरातच ऐकलेले असते. मुलांच्या बाबतीत ‘पुरुषासारखा पुरुष आणि रडतो काय’ हे वाक्य आड येते. अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या पाहणीत एक लक्षणीय गोष्ट आढळली. मानसिक उपचार घेणाऱ्याला स्वतः कमी लेखणारे विद्यार्थी थोडे होते. ‘इतर लोक मात्र कमी लेखतात’ असे मानणारे त्याहून पुष्कळ अधिक होते. म्हणजे प्रत्येक जण दुसऱ्याच्या ज्या मताला भीत होता, ते मत त्या दुसऱ्याचे बहुधा नव्हतेच.

दुसरी शंका : हे कोणाच्या कानावर जाईल? अनेक ठिकाणी समुपदेशनाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ एखाद्या प्राध्यापकांकडेच असतो. सकाळी ज्यांच्यापुढे मन मोकळे करायचे, त्यांनीच दुपारी तोंडी परीक्षेचे गुण द्यायचे. ते गृहस्थ कितीही सज्जन असोत, ही दुहेरी भूमिकाच विश्वासाला मारक ठरते. समुपदेशक शिस्तपालन समितीवर असेल, तर मग बोलायलाच नको. एका विद्यार्थ्याची गोष्ट परस्पर घरी कळवली गेली, एवढी एक बातमी वसतिगृहात पसरली तरी पुढची दोन वर्षे त्या खोलीकडे कोणी फिरकत नाही.

तिसरी शंका : जाऊन उपयोग काय? ‘केटी तर सुटणार नाही, कर्ज तर फिटणार नाही.’ समुपदेशनात नेमके काय घडते, हे मुलांना ठाऊक नसते. कोणी समजते की उपदेश मिळेल, कोणी समजते की गोळ्या मिळतील. वास्तविक समुपदेशक औषधे देत नाही. औषधाची गरज वाटली तर तो मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवतो.

त्याच महाविद्यालयात वाट सुकर झाली तर

आता तीच मुलगी, तेच महाविद्यालय घेऊ आणि केवळ काही गोष्टी बदलल्या आहेत असे समजू. या बदलांना फारसा खर्च नाही, हे आपल्या लक्षात येईल.

पहिला बदल जागेचा. कक्ष आता ग्रंथालयाच्या मजल्यावर, करिअर मार्गदर्शन आणि शिष्यवृत्ती यांच्या खोल्यांच्या रांगेत आहे. त्या बोळात जाणारा प्रत्येक विद्यार्थी कशासाठी चालला आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. प्रतीक्षेची खुर्ची बाहेर नाही, आत आहे. वेळही सायंकाळी पाच ते सातची, म्हणजे प्रात्यक्षिके संपल्यानंतरची आहे.

दुसरा बदल पहिल्या भेटीचा. अर्ज नाही, वर्गशिक्षकांची सही नाही, कारण लिहायचे नाही. ठरावीक वेळी कोणीही यावे आणि वीस मिनिटे बोलून जावे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने ‘लेट्स टॉक’ नावाने असाच उपक्रम चालवला. त्यात समुपदेशक स्वतःच परिसरातील निरनिराळ्या ठिकाणी ठरलेल्या वेळी बसतात आणि विद्यार्थी आगाऊ वेळ न घेता येऊन बोलतात. पुढे इतर अनेक विद्यापीठांनी तो उचलला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे : ‘मी उपचार घेतो आहे’ असे स्वतःशी कबूल करण्याआधीच मुलाला बोलता आले पाहिजे.

तिसरा बदल माणसाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. तिची सलग तीन प्रात्यक्षिके चुकली, हे प्रयोगशाळेतील शिक्षिकेच्या ध्यानात येते. पूर्वी नाव थेट डिफॉल्टर यादीत जात असे. आता यादी लावण्याआधी अशा मुलांशी एकदा एकांतात बोलण्याचा नियम आहे. ‘तू अभ्यास का करत नाहीस?’ असे शिक्षिका विचारत नाहीत. त्या म्हणतात, ‘तीन आठवडे तू सकाळी दिसली नाहीस. झोप लागते का?’ मुलीचे डोळे भरून येतात. ‘कक्षात जाऊन ये’ असे सांगून शिक्षिका मोकळ्या होत नाहीत. ‘चल, मी तिकडेच निघाले आहे’ म्हणून दारापर्यंत सोबत जातात, ओळख करून देतात आणि परततात. कागदावर नुसते नाव-पत्ता लिहून देणे आणि हात धरून नेणे यांत मोठे अंतर आहे. एरवी पुष्कळशी पावले याच टप्प्यावर हरवतात. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांत सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण देण्यास सांगितले आहे, ते याच कामासाठी. शिक्षकांनी समुपदेशक व्हायचे नाही. ताण ओळखायचा आणि योग्य दारी पोहोचवायचे.

खोलीत काय घडते? समुपदेशक प्रथम गोपनीयतेचा नियम सांगतात : ‘तू येथे जे बोलशील ते प्राचार्य, शिक्षक अथवा घर यांच्यापर्यंत तुझ्या संमतीशिवाय जाणार नाही. अपवाद एवढाच की, तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असे मला वाटले, तर मला मदत बोलवावी लागेल; पण तेही शक्यतो तुला सांगून.’ हा अपवाद पहिल्याच भेटीत उघड करणे आवश्यक असते. तो लपवला आणि पुढे वापरावा लागला, तर विश्वासघात झाल्यासारखे वाटते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यानेही उपचारांच्या बाबतीतील गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. कक्षातील नोंदी शैक्षणिक कागदपत्रांपासून वेगळ्या, कुलपात ठेवल्या जातात, हेही तिला सांगितले जाते.

मग झोप, जेवण, घर, केटी यांविषयी बोलणे होते. जगणे नकोसे वाटते का, हेही समुपदेशक सरळ शब्दांत विचारतात. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. उलट विचारल्याने मन हलके होते आणि धोका वेळीच कळतो. या मुलीच्या मनात तसे काही नाही, पण ‘सगळे सोडून घरी जावे’ असे रोज वाटते. पहिल्या भेटीत ठरते ते इतकेच : उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, महाविद्यालयाच्या डॉक्टरांकडून रक्त आणि थायरॉइड तपासून घ्यायचे, कारण या वयाच्या मुलींत थकव्यामागे रक्तक्षयही असू शकतो, आणि येत्या गुरुवारी साडेपाचला पुन्हा भेटायचे. पुढच्या भेटींत केटीच्या विषयाचे आठवड्यांत भाग पाडले जातात आणि वडिलांना कसे सांगायचे, याची अक्षरशः तालीम होते.

चार-पाच भेटींनंतर केटी अजून राहिलेलीच आहे, कर्जही आहे. परंतु झोप लागू लागली आहे, प्रात्यक्षिके चुकत नाहीत आणि घरी सांगून झाले आहे. समुपदेशनाकडून अपेक्षा ठेवावी ती इतकी. भेटी होऊनही झोप, भूक आणि मनाची उदासी यांत फरक पडला नसता, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जावे लागले असते. त्या वेळीही नुसती चिठ्ठी न देता, कोणत्या डॉक्टरांकडे, कोणत्या दिवशी आणि सोबत कोण, हे ठरवून देणे हे महाविद्यालयाचेच काम आहे.

दिखाऊ काम कसे ओळखावे

काही महाविद्यालये १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एक व्याख्यान ठेवतात, भिंतींवर फलक लावतात आणि काम झाले असे मानतात. व्याख्यानाने माहिती मिळते, पण वर सांगितलेल्या तीन शंकांपैकी एकही त्याने सुटत नाही. दुसरी चूक म्हणजे विद्यार्थी स्वयंसेवकांवर सगळा भार टाकणे. मित्राशी बोलणे मुलांना सोपे जाते हे खरे. पण रात्री दोन वाजता आत्महत्येची भाषा करणाऱ्या मित्राला सांभाळण्याची जबाबदारी एकोणीस वर्षांच्या मुलावर टाकणे अन्यायाचे आहे. त्याला ‘आता हे काम माझे नाही’ असे म्हणून मोठ्यांकडे सोपवता यावे, इतकी सोय हवी. तिसरी चूक म्हणजे समुपदेशनाला शिक्षेचे रूप देणे. उपस्थिती कमी म्हणून, भांडण झाले म्हणून मुलांना ‘समुपदेशनाला पाठवले’ की ती खोली गुन्हेगारांची ठरते.

प्रवेशाच्या वेळी पालकांसोबत आजी-आजोबाही पुष्कळदा जातात. तेव्हा ‘समुपदेशक आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. पुढील प्रश्न विचारावेत : समुपदेशक पूर्णवेळ आहे, की कोणी प्राध्यापकच ते काम पाहतात? पहिल्या भेटीसाठी कोणाची सही लागते का? भेट किती दिवसांत मिळते? गेल्या वर्षी आलेल्यांपैकी स्वतःहून किती आले आणि पाठवलेले किती? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. स्वतःहून येणाऱ्यांचे प्रमाण वाढत असेल, तर विश्वास निर्माण झाला आहे. सगळे पाठवलेलेच असतील, तर खोली आहे, पण वाट नाही.

आपल्या हातातील दोन गोष्टी

मुलगी त्या अर्जापाशी थबकली, तेव्हा तिच्या मनात घरची वाक्ये घुमत होती. म्हणून पहिली गोष्ट आपल्या बोलण्याची. शेजारच्या मुलावर उपचार चालू असल्याचे कळले, तर आपण नातवंडांसमोर काय बोलतो? ‘वेड्यांचा डॉक्टर’ हा शब्द घरातून गेला, तर महाविद्यालयाचे निम्मे काम हलके होईल. उलट आपल्यापैकी कोणी जोडीदाराच्या निधनानंतर, निवृत्तीनंतर अथवा आजारी माणसाची वर्षानुवर्षे शुश्रूषा करताना कोणाचा आधार घेतला असेल, झोपेसाठी डॉक्टरांकडे गेले असेल, तर ते नातवंडांना मोकळेपणाने सांगावे. ‘मलाही एकदा जड गेले होते आणि मी मदत घेतली’, हे आजोबांच्या तोंडचे वाक्य कोणत्याही फलकापेक्षा खोल जाते.

दुसरी गोष्ट फोनची. ‘अभ्यास कसा चालला आहे?’ याचे उत्तर ‘ठीक’ असेच येते. त्याऐवजी झोप, जेवण आणि सोबत यांविषयी विचारावे : ‘काल किती वाजता झोपलीस? आज मेसमध्ये काय होते? जेवायला कोण होते सोबत?’ झोपेची वेळ उलटीपालटी होणे, जेवण तुटणे, मैत्रिणींची नावे बोलण्यातून नाहीशी होणे, सुटीत घरी यायचे टाळणे, ही चिन्हे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर लक्ष द्यावे. ‘तू समुपदेशकाकडे जा’ असे फर्मान सोडू नये. ‘तिथे एकदा जाऊन पाहशील का? मी फोनवर आहेच’, असे म्हणावे आणि दोन दिवसांनी आठवणीने विचारावे. गेली असेल, तर आत काय बोलणे झाले ते मात्र विचारू नये.

‘मी नसलेलीच बरी’ अशी भाषा कानी आली, आवडीच्या वस्तू वाटून टाकल्याचे कळले, निरवानिरवीची भाषा ऐकू आली, तर मात्र वाट पाहू नये. त्याच क्षणी सरळ विचारावे, मूल एकटे राहणार नाही असे पाहावे, रेक्टरना फोन करून कोणाला तरी खोलीत पाठवावे आणि जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते. तो क्रमांक आपणही वापरू शकतो; काळजीने कासावीस झालेल्या आजीने ‘मी नातीशी कसे बोलू?’ असे विचारायलाही तो आहे.

येत्या रविवारी फोन आला की अभ्यासाचा प्रश्न एक दिवस बाजूला ठेवा. काल झोप लागली होती का, एवढे विचारा, आणि ती थोडा वेळ गप्प राहिली तर आपणही फोन धरून तसेच गप्प बसा. त्या शांततेनंतर ती जे बोलेल, ते कदाचित गेल्या कित्येक रविवारी तिच्या ओठांवर येऊन थांबले असेल.